भार जोडल्यावर पोटेन्शिओमीटरचे व्होल्टेज किती घसरते: मोजणी, गणित आणि निवड

१० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर जोडला, नॉब बरोबर मध्यावर आणला, मल्टिमीटरवर २.५० व्होल्ट दिसले, आणि पुढचे सर्किट जोडताच तोच आकडा २.०० वर उतरला, तर नवखा माणूस आधी सोल्डरिंग तपासतो, मग पुरवठा तपासतो आणि शेवटी पोटेन्शिओमीटरच बदलून पाहतो. नवीन पोटेन्शिओमीटर लावूनही आकडा २.०० च राहतो, कारण यात बिघडलेले काहीच नसते. वायपरमधून, म्हणजे आतल्या रोधपट्टीवर किंवा ट्रॅकवर नॉबबरोबर सरकणाऱ्या संपर्कातून, भाराकडे प्रवाह वाहू लागला की पोटेन्शिओमीटर आदर्श विभाजक राहत नाही, आणि ही घसरण नॉब कुठे आहे यावर अवलंबून असल्यामुळे एकच दुरुस्तीचा आकडा लावून ती घालवता येत नाही. ही घसरण प्रत्यक्ष मोजायची कशी, आधीच हिशोबाने काढायची कशी आणि ती मर्यादेत ठेवण्यासाठी पोटेन्शिओमीटर निवडायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिली पायरी: पोटेन्शिओमीटर ओळखणे

काहीही जोडण्याआधी पोटेन्शिओमीटर मोकळा ठेवून मल्टिमीटर ओहमवर लावावा. नॉब फिरवला तरी ज्या दोन टोकांमधला रोध बदलत नाही ती ट्रॅकची टोके असतात, आणि उरलेले, बहुधा मधले, टोक वायपरचे असते. ट्रॅकचा एकूण रोध लिहून ठेवावा. छापील आकडा १० किलोओहम असला तरी ±२० टक्के सहिष्णुता सर्रास असते, त्यामुळे ९.४ किंवा १०.८ आले तर दचकू नये. भार नसताना या फरकाने काहीच बिघडत नाही, कारण तेव्हा आउटपुट फक्त दोन भागांच्या गुणोत्तरावर ठरते. भार जोडल्यावर मात्र ट्रॅकचा खरा रोध हिशोबात येतो, म्हणून पुढच्या सगळ्या गणितात छापील नव्हे तर मोजलेला आकडा वापरावा.

याच वेळी नॉब अंदाजे मध्यावर ठेवून वायपरपासून दोन्ही टोकांचा रोध पाहावा. दोन्ही साधारण सारखे असतील तर पोटेन्शिओमीटर रेषीय आहे. एक बाजू दुसरीच्या कितीतरी पट असेल, तर तो बहुधा आवाज कमी-जास्त करण्यासाठीचा लॉगॅरिदमिक प्रकार असतो आणि या प्रयोगासाठी तो बाजूला ठेवलेला बरा. अंगावर छापलेल्या ए किंवा बी या अक्षरावर विसंबू नये, कारण त्यांचा अर्थ सर्व उत्पादकांनी सर्व काळ सारखाच ठेवलेला नाही.

दुसरी पायरी: भाराविना आणि भारासह मोजणी

ट्रॅकचे एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरे ग्राउंडला जोडावे. मल्टिमीटर वायपर व ग्राउंड यांच्यामध्ये लावून नॉब असा फिरवावा की बरोबर २.५० व्होल्ट दिसतील. नॉबवरच्या रेषांपेक्षा ही पद्धत चांगली, कारण यात ट्रॅकचे प्रत्यक्ष अर्धे-अर्धे भाग मिळतात. आता नॉबला हात न लावता १० किलोओहमचा, शक्यतो १ टक्का सहिष्णुतेचा, रोधक वायपर आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडावा. आकडा २.०० च्या आसपास येईल. ट्रॅक ९.४ किलोओहमचा असेल तर तो २.०२ येईल. रोधक काढला की पुन्हा २.५० दिसले पाहिजेत. तसे दिसले नाहीत तर नॉब हलला आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

२.०० कुठून आले हे पाहायला शाळेतला समांतर जोडणीचा नियम पुरतो. मध्यावर ट्रॅकचा वरचा भाग ५ किलोओहम आणि खालचाही ५ किलोओहम असतो. भार खालच्या भागाला समांतर येतो आणि ५ व १० किलोओहमची समांतर जोडणी ३.३३ किलोओहम होते. म्हणजे विभाजकाचा खालचा हात ५ चा ३.३३ झाला, वरचा मात्र ५ च राहिला. पाच व्होल्टची वाटणी आता ५ आणि ३.३३ या प्रमाणात होते, आणि खालच्या वाट्याला बरोबर २.०० व्होल्ट येतात. भार आउटपुटमधून व्होल्टेज शोषून घेतो अशी समजूत पुष्कळांची असते. खरे पाहता वरच्या भागातून वाहणारा प्रवाह वाढतो आणि त्या भागातच जास्त व्होल्टेज खर्ची पडते.

तिसरी पायरी: कोणत्याही जागेसाठी हिशोब

प्रत्येक जागेसाठी समांतर रोध काढत बसणे कंटाळवाणे आहे. थेव्हेनिनच्या रीतीने हेच काम एका ओळीत होते. वायपर ग्राउंडच्या टोकापासून ट्रॅकच्या x इतक्या अंशावर आहे असे धरू, म्हणजे ग्राउंडच्या टोकाला x शून्य, मध्यावर ०.५ आणि पुरवठ्याच्या टोकाला १. पुरवठ्याचे व्होल्टेज Vs असेल, तर वायपरकडून आत पाहिले की पोटेन्शिओमीटर हा x·Vs व्होल्टेजचा एक स्रोत दिसतो आणि त्याच्या आत एक रोध दडलेला असतो. हा आतला रोध म्हणजे ट्रॅकच्या दोन्ही भागांची समांतर जोडणी, कारण आदर्श पुरवठ्याला स्वतःचा रोध नसतो आणि वरचे टोकही रोधापुरते ग्राउंडलाच जोडल्यासारखे वागते.

```
Rth = x · (1 - x) · Rp
V   = x · Vs · RL / (RL + Rth)
```

यात Rp हा ट्रॅकचा एकूण रोध आणि RL हा भार. ट्रॅक आणि भार यांचे गुणोत्तर k = Rp / RL असे लिहिले की दोन्ही ओळी एकत्र येतात:

```
V = x · Vs / (1 + k · x · (1 - x))
```

वर अंशात आदर्श उत्तर आहे आणि खाली छेदात त्याला लागलेली कात्री. दोन्ही टोकांना, म्हणजे x शून्य किंवा १ असताना, छेद १ होतो आणि त्रुटी उरत नाही. मध्ये कुठेही छेद १ पेक्षा मोठाच असतो, म्हणून ग्राउंडला जोडलेला साधा रोधी भार आउटपुट नेहमी खालीच ओढतो, वर कधीच ढकलत नाही. आतला रोध मध्यावर सर्वांत मोठा, ट्रॅकच्या बरोबर पाव भाग असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर वाईटात वाईट २.५ किलोओहमच्या स्रोतासारखा वागतो, १० किलोओहमच्या नव्हे.

आपल्या उदाहरणात k = १ आहे. नॉब थोडाथोडा सरकवत केलेल्या हिशोबाचे आकडे असे येतात:

| x | भाराविना (व्होल्ट) | भारासह (व्होल्ट) | घट (व्होल्ट) |
|---|---|---|---|
| ०.२५ | १.२५ | १.०५ | ०.२० |
| ०.५० | २.५० | २.०० | ०.५० |
| ०.६९ | ३.४५ | २.८४ | ०.६१ |
| ०.७५ | ३.७५ | ३.१६ | ०.५९ |
| ०.९० | ४.५० | ४.१३ | ०.३७ |

हे आकडे ब्रेडबोर्डवर पडताळून पाहावेत. दर वेळी आधी भार काढून नॉब हव्या त्या आदर्श व्होल्टेजवर आणावा, मग भार जोडून वाचन घ्यावे. आलेख कागदावर काढला तर आदर्श रेषा सरळ आणि भारासहची रेषा तिच्या खाली पोट सुटल्यासारखी झुकलेली दिसते. दोन्ही टोकांना त्या एकमेकींना भेटतात.

चौथी पायरी: त्रुटी कशाच्या टक्क्यांत सांगायची

सर्वाधिक त्रुटी मध्यावर असते, असे पुष्कळदा ऐकू येते, आणि कोष्टक तर ०.६९ कडे बोट दाखवते. दोन्ही बरोबर आहे, फक्त टक्के वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. त्या जागच्या आदर्श व्होल्टेजच्या तुलनेत पाहिले तर मध्यावरची २० टक्के घट सर्वांत मोठी आहे, कारण आतला रोध तिथेच सर्वांत जास्त असतो. ही सापेक्ष त्रुटी मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. ०.२५ ला आणि ०.७५ ला ती सारखीच, जवळजवळ १६ टक्के येते. पण त्या १६ टक्क्यांचे व्होल्ट काढायला गेलो तर एकीकडे १.२५ चे १६ टक्के आणि दुसरीकडे ३.७५ चे. व्होल्टमधली घट म्हणूनच पुरवठ्याच्या टोकाकडे सरकते आणि आपल्या उदाहरणात x = ०.६९ ला ०.६१ व्होल्ट, म्हणजे पूर्ण मापनश्रेणीच्या १२ टक्के, होते.

भार ट्रॅकपेक्षा बराच मोठा असेल, म्हणजे k लहान असेल, तेव्हा ही सर्वाधिक घटीची जागा x = २/३ वर स्थिरावते आणि घट सुमारे ४/२७ × k × Vs येते. ४/२७ म्हणजे जवळजवळ ०.१५. व्यवहारात मी एवढेच पाठ ठेवतो: पूर्ण श्रेणीतली टक्केवारीतली त्रुटी म्हणजे १५ गुणिले k. भार दहापट असेल तर दीड टक्का, शंभरपट असेल तर ०.१५ टक्के. k मोठा असताना हा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो (k = १ ला तो १५ सांगतो, खरी त्रुटी १२ आहे), पण चूक सुरक्षित बाजूला असल्यामुळे निवड करताना ती खपते. नॉबच्या जागेवरून कोन किंवा अंतर वाचायचे असेल तर पूर्ण श्रेणीची टक्केवारी वापरावी. विभाजक म्हणून एकच ठरावीक व्होल्टेज काढायचे असेल तर सापेक्ष त्रुटी पाहावी.

पाचवी पायरी: मीटरचा स्वतःचा भार

आतापर्यंत भाराविना म्हणून जे वाचन घेतले ते पूर्णपणे भाराविना नव्हते, कारण वायपरवर मल्टिमीटर होताच. सामान्य डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टेजवर आतला रोध बहुधा १० मेगाओहम असतो, आणि १० किलोओहमच्या ट्रॅकपुढे तो नसल्यासारखाच आहे. पण १ मेगाओहमचा पोटेन्शिओमीटर घेतला तर मध्यावर आतला रोध २५० किलोओहम होतो आणि मीटर लावताच जवळपास अडीच टक्के घट होते. काट्याच्या जुन्या मीटरने तर फारच फसवणूक होते. २० किलोओहम प्रति व्होल्ट संवेदनशीलतेचा मीटर १० व्होल्टच्या श्रेणीवर २०० किलोओहमचा भार असतो, आणि १०० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरच्या मध्यावर तो ११ टक्के कमी दाखवतो. अशा मीटरवर श्रेणी बदलली की त्याच जागचे वाचन बदलते, आणि मीटरच भार होत असल्याचा हा सर्वांत सोपा पुरावा आहे.

सहावी पायरी: पोटेन्शिओमीटर निवडणे

पुढच्या सर्किटचा इनपुट रोध ४७ किलोओहम आहे आणि पूर्ण श्रेणीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त त्रुटी चालणार नाही, असे समजू. १५ × k हा १ पेक्षा मोठा होता कामा नये, म्हणजे ट्रॅक ४७ भागिले १५, सुमारे ३.१ किलोओहमपेक्षा लहान हवा. १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर हाताशी असतो म्हणून तोच लावला तर त्रुटी तिपटीच्या आसपास जाईल. ५ किलोओहमलाही ती दीड टक्क्यावर राहील. २ किलोओहम घेतला तर ती सुमारे ०.६ टक्के होते आणि सहिष्णुतेलाही थोडी जागा उरते.

मग १०० ओहमचाच का घेऊ नये? ५ व्होल्टवर १०० ओहमच्या ट्रॅकमधून भार नसतानाही सतत ५० मिलिअँपिअर वाहतात आणि त्यात पाव वॅट उष्णता तयार होते. बॅटरीवरच्या उपकरणात हा निव्वळ अपव्यय आहे आणि लहान ट्रॅकला तो झेपेलच असे नाही. २ किलोओहमला हेच आकडे २.५ मिलिअँपिअर आणि १२.५ मिलिवॅट एवढे कमी होतात. ट्रॅक लहान केला तर प्रवाह वाढतो आणि मोठा केला तर त्रुटी, म्हणून त्रुटीच्या मर्यादेत बसणारा मोठ्यात मोठा ट्रॅक निवडणे हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग ठरतो.

भाराचा रोधच माहीत नसेल तर दुसऱ्या पायरीतल्या मोजणीवरून तो काढता येतो. नॉब मध्यावर ठेवून भाराविना V0 आणि भारासह V वाचावे, मग:

```
RL = (Rp / 4) · V / (V0 - V)
```

आपल्या आकड्यांवर हे २.५ किलोओहम × २.०० / ०.५० म्हणजे १० किलोओहम येते. दोन वाचनांतला फरक काही मिलिव्होल्टच असेल तर या उत्तराला फारसा अर्थ नसतो. पण मग त्रुटीही क्षुल्लकच असते.

भाराचा रोध लहान आहे आणि ट्रॅक लहान करता येत नाही, अशा वेळी वायपर आणि भार यांच्यामध्ये ऑप-अँपचा व्होल्टेज फॉलोअर घालावा. वायपरला मग जवळजवळ काहीच प्रवाह द्यावा लागत नाही. इथे एक खड्डा आहे. हाताशी असलेला एलएम३५८ नुसत्या ५ व्होल्टवर चालवला तर त्याचे आउटपुट साधारण ३.५ व्होल्टच्या वर चढत नाही, आणि नॉबच्या शेवटच्या तिसऱ्या भागात काहीच बदलत नसल्यामुळे दोष पुन्हा पोटेन्शिओमीटरवर जातो. पूर्ण ५ व्होल्टपर्यंत आउटपुट हवे असेल तर रेल-टू-रेल प्रकारचा ऑप-अँप घ्यावा किंवा ऑप-अँपला जास्त व्होल्टेजचा पुरवठा द्यावा.

भार फारच जड असेल तर

पोटेन्शिओमीटरने एखादा छोटा पंखा हळू चालवावा, ही कल्पना बहुतेकांना कधी ना कधी सुचते. मीही ती करून पाहिली आणि एक पोटेन्शिओमीटर जाळला. पंख्याऐवजी सोयीसाठी १०० ओहमचा साधा भार धरू, आणि १२ व्होल्टवर १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर. k आता १०० झाला. मध्यावर ६ व्होल्ट अपेक्षित असताना भारावर ०.२३ व्होल्ट मिळतात. ९० टक्के फिरवल्यावरही जेमतेम १.०८ व्होल्ट. ९९ टक्क्यांवर अचानक जवळपास ६ व्होल्ट येतात. म्हणजे नॉब जवळजवळ संपेपर्यंत काहीच घडत नाही आणि शेवटच्या केसभर अंतरात सगळे घडते.

जळण्याचे कारणही त्याच केसभर अंतरात आहे. ९९ टक्क्यांवर ट्रॅकच्या वरच्या १०० ओहमच्या तुकड्यातून ६० मिलिअँपिअर वाहतात आणि त्यात सुमारे ०.३६ वॅट उष्णता निर्माण होते. लहान कार्बन पोटेन्शिओमीटरच्या पूर्ण ट्रॅकची क्षमताच अनेकदा पाव वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि इथे तर त्याहून जास्त उष्णता एक टक्का लांबीत कोंडली जाते. आधी वास येतो, मग त्या टोकाशी नॉब फिरवताना आउटपुट उड्या मारू लागते. असा पोटेन्शिओमीटर ओहमवर तपासला तर बाकी ट्रॅक ठीक आणि फक्त एका टोकाशी खंड पडलेला आढळतो. इतक्या जड भारासाठी पोटेन्शिओमीटरने ट्रान्झिस्टर किंवा नियामक सर्किट नियंत्रित करावे आणि भाराचा प्रवाह त्यांच्यातून जाऊ द्यावा.

दोष भाराचा आहे की आणखी कशाचा

दिसणारी घट खरोखर भारामुळेच आहे का, हे नॉब पुरवठ्याच्या टोकाला पूर्ण फिरवून कळते. तिथे भारामुळे होणारी त्रुटी शून्य असायला हवी. भार जोडल्यावर त्या टोकालाही व्होल्टेज घसरत असेल तर मीटर थेट ट्रॅकच्या वरच्या टोकावर लावावा. तिथेही घट दिसली तर पुरवठाच दबतो आहे. वरच्या टोकावर पूर्ण ५ व्होल्ट असून वायपरवर कमी असतील तर वायपरचा संपर्क किंवा त्याचे सोल्डरिंग संशयास्पद आहे. नॉब ग्राउंडच्या टोकाला असताना आउटपुट शून्याच्या वर राहत असेल, तर ग्राउंडची तार सैल आहे का ते पाहावे किंवा पुढचे सर्किट स्वतःच वायपरमध्ये प्रवाह ढकलते आहे का ते तपासावे, कारण ग्राउंडला जोडलेला साधा रोधी भार असे कधीच करू शकत नाही.